पाटीवरचा पगार

गणपती उठले की पौड रस्त्यावरच्या दुकानांच्या काचांवर कागद चिकटू लागतात. चांदणी चौकातून बावधन ओलांडून भूगाव, भुकूम, पिरंगुट आणि पुढे पौडपर्यंत गेले, तर कापड, चप्पल, भांडी, मोबाइल, मिठाई, किराणा अशा सगळ्या दुकानांवरचा मजकूर जवळपास एकच असतो. ‘काउंटरसाठी मुले-मुली पाहिजेत. पगार योग्यतेनुसार. त्वरित भेटा.’ यापेक्षा कमी सांगणारी पाटी लिहिणे अवघड आहे. काम किती तास, पैसे कशाच्या हिशेबाने, केव्हापासून आणि केव्हापर्यंत, यातले काहीच तिच्यात नाही. जे विचारायचे ते गल्ल्यापाशी उभे राहून विचारायचे, आणि मालक त्या क्षणी जे बोलेल तोच करार.

कायमच्या नोकरीत असे चालून जाते. पहिल्या पगारात गोंधळ झाला तर दुसऱ्यात निस्तरता येतो. सणाच्या कामात मात्र दुसरा पगार बहुतेक नसतोच. चार आठवडे काम, भाऊबीज झाली की दोघांचे रस्ते वेगळे. म्हणून हंगामी माणसाच्या पाटीला एकच कसोटी लावावी: मालक आणि उमेदवार यांनी ती वाचून शेवटच्या दिवशी हातात पडणाऱ्या रकमेचा हिशेब वेगवेगळा केला, तर दोघांचा आकडा एकच यायला हवा. ‘योग्यतेनुसार’ या शब्दातून कुठलाच आकडा निघत नाही.

आधी हंगामाचा आकार पाहायला हवा, कारण रुजू होण्याची तारीख त्यावर ठरते. ‘सणासुदीचे दिवस’ हा पाटीवर एक सलग काळ वाटतो, पण दुकानात तो तुकड्यातुकड्यांनी येतो. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. त्यानंतर पितृपक्षाचा पंधरवडा, ज्यात कापड आणि दागिन्यांच्या दुकानांत नोकर माशा मारतात. २२ सप्टेंबरला घटस्थापना, २ ऑक्टोबरला दसरा, मग दोन आठवडे मध्यम गर्दी आणि शेवटी २१ ऑक्टोबरच्या लक्ष्मीपूजनाआधीचा आठवडा. २०२६ साली अधिक महिन्यामुळे सगळे पुढे सरकले आहे: दसरा २० ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, भाऊबीज ११ नोव्हेंबरला. गेल्या वर्षीची पाटी तारीख न बदलता पुन्हा लावणाऱ्याकडे माणसे अडीच आठवडे आधी येऊन बसतील.

मुळशीत आणखी दोन गोष्टी याच दिवसांत येतात. हा भाताचा तालुका आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोळवण खोऱ्यात आणि धरणाकडच्या गावांत भातकापणी आणि झोडणी सुरू होते. घरचे शेत असलेला मुलगा दुकानात ‘येतो’ म्हणतो, पण वडिलांनी कापणीला बोलावले की चार दिवस गायब होतो. त्यात त्याची चूक नसते, आणि मालकाचीही नसते. दुसरे म्हणजे, हंगामी काम करणाऱ्यांत कॉलेजची मुले-मुली बऱ्याच असतात आणि सत्राच्या परीक्षाही याच सुमारास असतात. पाटीवर रुजू होण्याचा आणि सुटण्याचा दिवस स्पष्ट असेल, तर मुलगी वेळापत्रक समोर ठेवून हो किंवा नाही सांगू शकते. ‘त्वरित’ लिहिले, तर ती हो म्हणते आणि नंतर अडकते.

शिवाय गिऱ्हाइकाचा पैसा केव्हा हलतो, हेही इथे महत्त्वाचे. पिरंगुट, उरवडे, कासार आंबोली या पट्ट्यात कारखाने आहेत आणि तिथल्या कामगाराच्या दिवाळीचा मोठा भाग बोनसवर चालतो. बोनस हातात पडला की त्या शनिवारी-रविवारी दुकाने भरतात. दुकानदाराला हे पुरेपूर माहीत असते, पण तो माणसे मात्र त्या शनिवारी शोधू लागतो. तेव्हा आलेल्या नव्या माणसाला साडीचा भाव कुठल्या चिठ्ठीवर आहे, घडी कशी घालायची, ऑनलाइन पैसे आले की नाही हे कसे पाहायचे, यातले काही ठाऊक नसते. दसऱ्याच्या चारपाच दिवस आधी रुजू करून घेतले, तर दसऱ्याची गर्दी ही त्याची रंगीत तालीम ठरते आणि दिवाळीला तो तयार असतो. त्या चारपाच शिकण्याच्या दिवसांचे पैसे मिळणार का, हा पहिला वादाचा प्रश्न. मालक ‘ट्रेनिंग’ म्हणतो. पण त्या दिवसांत उमेदवार गठ्ठे उतरवत असेल, फळीवर माल लावत असेल, तर ते कामच आहे आणि त्याचे पैसे द्यायला हवेत. पाटीवर ‘पहिल्या दिवसापासून पगार’ एवढे तीन शब्द असले की हा वाद उद्भवत नाही.

आता तास. महाराष्ट्रात दुकानांतल्या कामाच्या तासांवर कायद्याने बंधन घालण्याचा इतिहास १९३९ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यापर्यंत मागे जातो. त्यानंतर १९४८ चा कायदा आला, आणि तोच लोकांच्या तोंडी ‘गुमास्ता’ म्हणून बसला. आजही दुकानाच्या नोंदणीला गुमास्ताच म्हणतात. सध्याचा कायदा २०१७ चा आहे. त्याने दुकान रोज किती वाजेपर्यंत उघडे ठेवायचे हे बंधन सैल केले, पण माणसाने किती वेळ राबायचे हे बांधून ठेवले. मूळ तरतुदीप्रमाणे दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस तास. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची सुट्टी. सुट्टी धरून आल्यापासून जाईपर्यंतचा सगळा वेळ साडेदहा तासांच्या आत. आठवड्यातून सलग चोवीस तासांची एक रजा. जादा कामाला दुप्पट दर. हा कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या दुकानांना पूर्णपणे लागू होता. त्याहून लहानांनी फक्त आपली माहिती कळवायची. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने हा उंबरठा वीस कामगारांवर आणि दिवसाची मर्यादा दहा तासांवर नेण्याला मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास मात्र अठ्ठेचाळीसच राहिले, आणि पाटी लिहिणारे नेमके इथेच घसरतात.

‘रोज नऊ तास, आठवड्याला एक सुट्टी’ ही ओळ वाचायला अगदी कायदेशीर वाटते. नऊ सक चोपन्न. म्हणजे आठवड्याची मर्यादा सहा तासांनी ओलांडली आणि ते सहा तास जादा कामाचे झाले. सहा दिवस काम घ्यायचे असेल, तर प्रत्यक्ष कामाचे तास रोज आठच बसतात. त्यामुळे ‘सकाळी ११ ते रात्री ८, मध्ये एक तास जेवणाची सुट्टी’ असे लिहिले की हिशेब जुळतो: नऊ तास दुकानात, त्यांतले आठ तास काम. आणि ‘सुट्टी’ हा शब्द दोन अर्थांनी येतो, हेही पाटी लिहिताना ध्यानात ठेवावे. जेवणाची सुट्टी कामाच्या वेळेत धरली आहे की बाहेर, हे लिहिलेले नसले, तर आठवड्याला सहा तासांचा फरक नुसत्या गृहीतकावर पडतो.

दुसरा खड्डा ‘दुकान बंद होईपर्यंत’ या शब्दांत आहे. शटर साडेआठला खाली आले, तरी गल्ला मोजणे, उघडलेले गठ्ठे घड्या घालून परत फळीवर ठेवणे, झाडलोट, यात सहज पाऊण-एक तास जातो. दिवाळीच्या आठवड्यात हा पाऊण तास रोजचाच. तो कामात धरायचा की नाही, याचे उत्तर साधे आहे: मालकाने थांबवून ठेवले म्हणजे काम चालू आहे. म्हणून पाटीवर दुकानाची वेळ न देता माणसाची वेळ द्यावी. गिऱ्हाइकासाठी दुकान अकरा ते साडेआठ उघडे असेल. माणसाला मात्र तो केव्हा येणार आणि केव्हा घरी जाणार एवढेच कळायला हवे.

घरी कसा जाणार, हा प्रश्न पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर फारसा पडत नाही, पिरंगुटला पडतो. दारवली किंवा कोळवणच्या मुलीसाठी पौडच्या पुढची शेवटची गाडी निघून गेली, तर पुढचा प्रवास भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या दुचाकीवर. २०१७ च्या कायद्यात महिला कामगारांसाठी रात्री साडेनऊची रेषा आहे. त्यानंतर तिला कामावर ठेवायचे, तर तिची संमती हवी आणि सुरक्षेची व घरापर्यंत पोचवण्याची सोय दुकानदाराने करायची. बरेच दुकानदार यावर तोडगा म्हणून पाटीवर सरळ ‘फक्त मुले’ लिहितात. तो तोडगा चुकीचा आहे. सारख्या कामासाठी भरती करताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही, हे १९७६ च्या समान वेतन कायद्यात होते आणि नव्या वेतन संहितेतही आहे. उलट साडीच्या काउंटरला ‘फक्त मुली’ लिहिणाऱ्यालाही तोच नियम लागतो, हे बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. ‘काउंटर सहायक’ लिहिले की काम भागते. वयाची अट मात्र जरूर घालावी: अठरा पूर्ण. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना १९८६ च्या बालकामगार कायद्याप्रमाणे संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही आणि जादा काम तर देताच येत नाही. दिवाळीच्या दुकानाचा खरा धंदाच सातनंतर सुरू होतो.

राहिला पैसा. इथे आकडा पुरेसा नसतो. तो आकडा कशाचा, हे सांगावे लागते.

समजा पाटीवर लिहिले आहे, ‘पगार १५,००० रुपये’. १५ ऑक्टोबर ते ११ नोव्हेंबर असे अठ्ठावीस दिवस, त्यांत चार आठवडी सुट्ट्या. एक मालक १५,००० ला तीसने भागतो, दिवसाचे ५०० काढतो आणि भरलेल्या चोवीस दिवसांचे १२,००० देतो. दुसराही तीसनेच भागतो, पण सुट्ट्यांसह अठ्ठावीस दिवस धरतो आणि १४,००० देतो. तिसरा सव्वीस कामाच्या दिवसांनी भागतो, दिवसाचे सुमारे ५७७ काढतो आणि चोवीस दिवसांचे १३,८४६ देतो. पाटी तीच, माणूस तोच, हजेरीपुस्तकही तेच. पण रक्कम तीन आणि त्यांतले सर्वांत मोठे अंतर दोन हजारांचे. यात कुणी लबाडी केलीच असे नाही. प्रत्येकाने आपल्या दुकानात जी पद्धत होती ती वापरली. महिन्याचा पगार हे पूर्ण महिना भरणाऱ्या माणसाचे माप आहे आणि हंगामी माणूस कुठलाच महिना पूर्ण भरत नाही. म्हणून त्याच्या पाटीवर रोजचा दर असावा, आणि आठवडी सुट्टीचा रोज मिळणार की नाही हे शब्दांत असावे.

दराला खालची मर्यादाही आहे. दुकाने व व्यापारी आस्थापनांसाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवते: कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे कामाचे वर्ग आणि भागानुसार परिमंडळे. त्यावरचा विशेष भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी बदलतो, जानेवारीत आणि जुलैत. दिवाळीच्या पाटीसाठी जुलैचा आकडा पाहायचा. गेल्या दिवाळीचा आकडा तोवर दोनदा बदललेला असतो. मुळशीत परिमंडळाचाही एक पेच आहे. बावधन बुद्रुक, सूस आणि म्हाळुंगे ही गावे २०२१ साली पुणे महापालिकेत गेली, भूगाव-पिरंगुट ग्रामपंचायतींकडेच राहिले. एकाच पौड रस्त्यावर थोडे पुढे-मागे गेले की हद्द बदलते. म्हणून बावधनच्या दुकानाची पाटी पाहून पिरंगुटला किंवा पिरंगुटची पाहून बावधनला दर लिहू नये. आपला पत्ता कुठल्या परिमंडळात येतो ते कामगार खात्याच्या दरपत्रकात पाहावे. आणि ‘आमचे दुकान लहान, आम्हाला काही लागू नाही’ हा समज पैशाच्या बाबतीत चालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेतल्या किमान वेतनाला, दुप्पट दराला आणि वेळेवर पगार देण्याच्या नियमांना कामगारांच्या संख्येचा उंबरठा नाही. दोन माणसांच्या दुकानालाही ते लागतात.

काही दुकाने रोजाऐवजी किंवा रोजासोबत विक्रीवर टक्का देतात. मोबाइल आणि चपलांच्या दुकानांत ही चाल जास्त. त्यात वाईट काही नाही, फक्त दोन गोष्टी लिहायला हव्यात: टक्का कशावर, छापील किमतीवर की सूट वजा जाता आलेल्या पैशावर, आणि गिऱ्हाइकाने माल परत आणला तर टक्का परत जाणार का. दिवाळीनंतर माप न बसलेले कपडे परत येण्याची रांग लागते, तेव्हा हंगामी माणूस घरी गेलेला असतो. आणि टक्का कितीही आला किंवा न आला, तरी रोज किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये.

हे सगळे एका कागदावर कसे बसते, ते पाहण्यासाठी पिरंगुटला एक मध्यम कापड दुकान कल्पनेने उभे करू. सात कायमची माणसे, दिवाळीला चार जादा हवीत. दर ५६० रुपये धरला आहे तो केवळ हिशेब सोपा व्हावा म्हणून. प्रत्यक्ष लिहिताना दरपत्रक पाहून ठरवायचा. आठवडी सुट्टीसाठी बुधवार निवडला आहे. २०२६ साली दसरा मंगळवारी येतो, म्हणजे त्याच्या दुसऱ्या दिवशी दमलेल्या माणसाला सुट्टी मिळते. आणि भाऊबीजही बुधवारीच आहे, ज्या दिवशी कामावर कुणी मनापासून येत नाही.

काउंटर सहायक पाहिजेत — ४ जागा, फक्त दिवाळी हंगामासाठी
काम: कापड दाखवणे, घड्या घालणे, माल लावणे. अनुभव नको. वय १८ पूर्ण.
रुजू होण्याची तारीख: गुरुवार, १५ ऑक्टोबर २०२६, सकाळी ११. पहिल्या दिवसापासून पगार.
कामाचा शेवटचा दिवस: मंगळवार, १० नोव्हेंबर (पाडवा). ११ नोव्हेंबर, भाऊबीज: पगारी सुट्टी.
वेळ: सकाळी ११ ते रात्री ८. त्यात एक तास जेवणाची सुट्टी. काम आठ तास. बुधवारी पगारी सुट्टी.
जादा काम: ३१ ऑक्टोबर, १, ५, ६ आणि ७ नोव्हेंबर या पाच दिवशी रात्री ९.३० पर्यंत. जादा तासाला दुप्पट दर.
पगार: रोज ५६० रुपये, सुट्टीचे बुधवार धरून. जादा तास १४० रुपये.
पैसे: ऑक्टोबरचे ५ नोव्हेंबरला, उरलेले १० नोव्हेंबरला काम संपताना.
भेट: १० ऑक्टोबरपर्यंत, दुपारी २ ते ४, दुकानात. नोंदणी फी किंवा अनामत नाही.

आता हिशेब. ऑक्टोबरचे सतरा दिवस, प्रत्येकी ५६०, म्हणजे ९,५२०. त्यात ३१ तारखेचा दीड जादा तास, २१० रुपये. ५ नोव्हेंबरला हातात ९,७३०. नोव्हेंबरचे अकरा दिवस म्हणजे ६,१६०, आणि उरलेल्या चार दिवसांचे सहा जादा तास, ८४०. १० तारखेला आणखी ७,०००. एकूण १६,७३०. दुकानातल्या मुनीमजींनी केला काय आणि उमेदवाराच्या आईने घरी केला काय, आकडा हाच येतो. मालकालाही त्याचा उपयोग आहेच: चार माणसांचा हंगामाचा खर्च ६६,९२० रुपये, हे त्याला माल भरतानाच ठाऊक असते.

यातल्या काही ओळी सहज ठेवलेल्या वाटतील, पण प्रत्येकीमागे कारण आहे. रात्री साडेनऊला थांबणे हे अकरापासून मोजले तर बरोबर साडेदहा तास होतात आणि महिलांसाठीची रेषाही तीच आहे. लक्ष्मीपूजनाच्या ८ तारखेला जादा काम ठेवलेले नाही, कारण त्या संध्याकाळी दुकानात पूजा असते आणि त्याआधीच गिऱ्हाईक ओसरते. ऑक्टोबरचा पगार ५ नोव्हेंबरला ठेवला आहे, कारण महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. सात तारखेपर्यंत थांबवला तर धनत्रयोदशी उलटून जाते आणि दुकानात दिवसभर दुसऱ्यांच्या घरचे कपडे दाखवणाऱ्याला आपल्या घरच्यांसाठी काही घेता येत नाही. काम संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा करायचा, असे संहितेत आहे. पण भाऊबीजेनंतर कोळवणहून फक्त पैशासाठी पुन्हा एक फेरी मारायला लावू नये, म्हणून शेवटच्या संध्याकाळीच रोख किंवा खात्यावर.

आगाऊ उचल द्यायची असेल तर तीही पाटीवर येऊ शकते, निदान बोलणे होताना लिहून ठेवावी. सणाच्या तोंडावर दोन-तीन हजारांची उचल मागणे हे नेहमीचेच आहे आणि शेवटच्या दिवशीचा सर्वाधिक वाद तिच्यावरूनच होतो. त्याच्या खालोखाल वाद ‘तुटी’चा. साड्यांच्या गठ्ठ्यात एक कमी आली किंवा गल्ल्यात पाचशे कमी पडले, की काही दुकानदार ते त्या दिवशी काउंटरला असलेल्या सगळ्यांत वाटून कापतात. असे करता येत नाही. माल किंवा पैसा एखाद्याच्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेला असेल आणि तूट त्याच्या निष्काळजीपणामुळे झाली असेल, तरच ती कापता येते. आणि सगळ्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. चार जण ज्या गल्ल्यात हात घालतात, तो कुणाच्याच ताब्यात सोपवलेला नसतो. म्हणून गल्ला कायमच्या माणसाकडे आणि हंगामी माणूस फक्त काउंटरला, अशी विभागणी अनुभवी दुकानदार आपणहून करतात.

मोठ्या साखळी दुकानांत आणखी एक सूक्ष्म गोष्ट पाहण्यासारखी असते. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी वर्षात किमान तीस कामाचे दिवस भरलेला, वेतनमर्यादेत बसणारा कर्मचारी बोनसला पात्र ठरतो, मग तो हंगामी का असेना. नवरात्र ते भाऊबीज धरली तर आठवडी सुट्ट्या वजा जाता दिवस अठ्ठावीसच्या आसपास येतात. गणपतीपासून ठेवलेला माणूस मात्र तीस सहज ओलांडतो. रुजू होण्याची तारीख पाटीवर असली आणि हजेरी नीट लागली, तर हा दावा नंतर सिद्ध करता येतो. तारीखच नसली, तर काय सिद्ध करणार?

आणि सुट्ट्यांचा एक योगायोग. २०१७ च्या कायद्यात आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यांतल्या चार ठरलेल्या, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर, बाकी चार मालक व कामगारांनी मिळून ठरवायच्या. २०२५ साली दसरा नेमका २ ऑक्टोबरला आला. कायदा पूर्ण लागू असलेल्या ज्या दुकानांनी त्या दिवशी माणसे बोलावली, आणि दसऱ्याला कोण नाही बोलावणार, त्यांना त्या दिवसाचा दुप्पट पगार आणि बदली रजा देणे भाग होते. पाट्यांवर मात्र हा दिवस वेगळा दाखवलेला क्वचितच दिसतो. पुढच्या वर्षांची पाटी लिहिताना पंचांग आणि सुट्ट्यांची यादी शेजारी शेजारी ठेवून पाहायला पाच मिनिटे पुरतात.

जाहिरातीत पगार लिहिलाच पाहिजे, अशी सक्ती आपल्याकडे खासगी दुकानावर नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने ती २०२१ पासून केली, न्यूयॉर्क शहराने २०२२ मध्ये. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवाराला मुलाखतीआधीच सुरुवातीचा पगार किंवा त्याची कक्षा कळली पाहिजे. आपल्याकडे १९५९ सालच्या रोजगार विनिमय केंद्रांच्या कायद्याने मोठ्या आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणे बंधनकारक केले होते, पण तीन महिन्यांहून कमी मुदतीच्या कामाला त्यातून सूट होती. हंगामी भरती अशी कायम काचेवरच्या कागदावर आणि ‘तुझ्या ओळखीत कुणी आहे का रे’ या वाक्यावर चालत राहिली. त्यामुळे पाटीवर काय लिहायचे हे आजही ज्याचे त्याच्यावर आहे.

ज्याच्यासमोर जुन्या पद्धतीचीच पाटी आली आहे, त्याला हे सगळे तोंडी विचारता येते. मालकांना राग येईल ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. अकरा ते आठ, रोज किती, बुधवारचा रोज मिळतो का, शेवटचे पैसे कधी, असे चार प्रश्न विचारणारा मुलगा गिऱ्हाइकाशीही नीट बोलेल, हे दुकानदाराला लगेच कळते. उत्तरे मिळाली की ती लगेच मोबाइलवर मालकाला लिहून पाठवावीत: ‘काका, बोलल्याप्रमाणे १५ तारखेपासून, ११ ते ८, रोज ५६०, बुधवारी पगारी सुट्टी. बरोबर ना?’ समोरून ‘हो’ आले की तीच पाटी. ‘ये तू, बघू आपण’ असे आले, तर शेजारच्या दुकानाच्या काचेवरही एक कागद लागलेला असतोच. नोंदणीसाठी शंभर-दोनशे रुपये, मूळ आधार कार्ड किंवा दहावीची गुणपत्रिका ठेवून घेऊ म्हणणाऱ्याकडे तर पुढे काही विचारूच नये. झेरॉक्स पुरते.

रोजची हजेरीही स्वतःकडे असावी. दुकानातले पुस्तक मालकाचे. आपल्या वहीत तारीख, आलेली वेळ, गेलेली वेळ आणि घेतलेली उचल, एवढ्या चार रकान्यांचा खर्च शून्य. ७ नोव्हेंबरला साडेनऊऐवजी दहाला सुटका झाली, तर तो अर्धा तास त्याच रात्री लिहायचा. दहा तारखेला हिशेबाला बसताना मुनीमजी आपले पुस्तक उघडतात, समोरचा आपली वही उघडतो, आणि त्या अर्ध्या तासाचे ७० रुपये १६,७३० मध्ये मिळवले जातात.